चार्ज फेल झाला तर सेवा कधी थांबवायची?

प्रश्न: मासिक सबस्क्रिप्शनचा चार्ज फेल झाला की खातं लगेच बंद करावं का? रिट्राय कधी करावा?

उत्तर: लगेच बंद करू नका. आधी नकाराचं कारण बघा. शिल्लक कमी असेल तर काही दिवसांनी तोच चार्ज जाऊ शकतो. कार्ड हरवल्याची नोंद असेल तर रिट्राय व्यर्थ, थेट नवं कार्ड मागा.

समजा, 31 जानेवारीचं नूतनीकरण शिल्लक नसल्यामुळे फेल झालं. स्थिती `past_due` करा, सेवा चालू ठेवा आणि 1, 3, 6 फेब्रुवारीला रिट्राय करा. ग्रेसची, म्हणजे सवलतीची मुदत 7 तारखेला संपली की मगच `suspended`. डेटा मात्र पुसू नका. ग्राहकाने 3 तारखेला पैसे भरले तरी पुढचं बिल फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशीच आणि त्यानंतरचं 31 मार्चला. त्यासाठी मूळ तारीख, म्हणजे 31, वेगळी साठवा. मागच्या बिलात महिना मिळवत गेलात तर ती 28 वरच अडकून बसते.

सगळ्यात जपायचं ते टाइमआउटला. उत्तर आलं नाही म्हणजे चार्ज फेल झाला असं नाही. तीच विनंती पुन्हा पाठवताना तिची आयडेम्पोटन्सी की, म्हणजे विनंती तीच आहे हे ओळखायचा खास क्रमांक, बदलू नका, नाहीतर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात.