उरलेल्या वरणाची ढोकळी की पराठे?

*काल रात्रीचं दोन वाट्या वरण उरलंय. डाळ ढोकळी करू की पराठे? मागच्या वेळी ढोकळीचा लगदा झाला आणि पराठे लाटतानाच फाटले. पीठ नेमकं किती घ्यायचं?*

आधी पातेल्यातली डाळ बघा, मग पीठ मोजा. चिंच-गुळाची आमटी असेल तर ढोकळीच करा. गूळ तव्यावर लगेच करपतो आणि पराठा आतून शिजायच्या आधी त्याच्यावर काळे डाग पडतात. साधं, घट्ट, बिनगुळाचं वरण पराठ्याला उत्तम. तुमचं वरण आहे, म्हणजे दोन्ही जमेल.

लगदा होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: डाळ सुरुवातीला पुरेशी पातळ नसते. फ्रिजमधून काढलेलं वरण थिजलेलं असतं, त्यावरून अंदाज बांधू नका. ते गरम करा, रवीने घोटा आणि मगच पाणी ठरवा. चमच्याने उभं राहील अशा दोन वाट्या वरणाला मी साडेतीन वाट्या कढत पाणी घालते. पातेल्यात ते साराइतकं पातळ दिसतं आणि बघणारा हमखास म्हणतो, ‘अगं, किती पाणी!’ तेवढं लागतंच. ढोकळी शिजताना पाणी पिते आणि तिच्यातलं पीठही डाळीत उतरतं, त्यामुळे दहा-बारा मिनिटांत तेच सार आमटीसारखं दाट होतं. सुरुवातच आमटीइतक्या दाटीने केलीत तर शेवटी पिठलं हाती येणार. मध्येच दाटायला लागलं तर आणखी कढत पाणी घाला. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि ढोकळ्या तळाशी बसून एकमेकींना चिकटतात.

इथे एक जुना वाद आहे आणि माझं मत पक्कं आहे. डाळ पातळ वाटली की तिला कणीक किंवा बेसन कालवून लावायचं, ही सवय आधी सोडा. ढोकळी स्वतःच दाटपणा आणते. वरून पीठ लावलं की चव कच्चट होते, डाळ बुळबुळीत होते आणि पातेलं तळाला लागतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं ‘थोडं पीठ लाव, मिळून येईल’ हेच ऐकू येतं. मिळून येतं ते पीठ न लावताच.

ढोकळीसाठी एक वाटी कणीक, दोन मोठे चमचे बेसन, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर ओवा हातावर चोळून, पाव चमचा मीठ आणि दोन चमचे तेल. हे पुरीच्या कणकेइतकं घट्ट भिजवा. पोळीसारखी सैल कणीक उकळत्या डाळीत विरघळते. लगद्याचं हे दुसरं कारण. दहा मिनिटं झाकून ठेवा, पोळीपेक्षा थोडी जाड लाटा आणि शंकरपाळ्यासारख्या कापा. लाटताना पिठी कमीत कमी वापरा, कारण ती सगळी डाळीतच जाणार आहे.

डाळ खळखळ उकळत असतानाच ढोकळ्या एकेक करून सोडा. पहिली दोन मिनिटं डाव लावू नका. पृष्ठभाग जरा आवळला की हलक्या हाताने तळापासून हलवा. मग मध्यम आच आणि झाकण तिरकं, पूर्ण बंद केलं की उतू जातं. दहा मिनिटांनी एक ढोकळी मोडून बघा. मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून कच्ची आहे. रंग आरपार एकसारखा असेल तर झाली.

चवीचा हिशेब इथे बदलतो. वरणातलं मीठ दोन वाट्यांपुरतं होतं, आता त्यात साडेतीन वाट्या पाणी पडलंय. म्हणून अर्धा चमचा मीठ सुरुवातीला घाला आणि उरलेलं ढोकळी शिजल्यावर चाखून. कालची फोडणीही विझलेली असते. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची अशी नवी फोडणी द्याच. गुजराती डाळ ढोकळी आंबटगोड असते आणि तिच्यात भिजवून उकडलेले शेंगदाणे घालतात. तशी हवी असेल तर तीन-चार आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ टाका. आपल्या वरणफळांना किंवा चकोल्यांना मला लसूण आणि गोडा मसालाच बरा वाटतो, वर साजूक तूप.

पराठ्याचं गणित बरोबर उलटं आहे. तिथे पाण्याचा थेंबही घालायचा नाही. डाळ कोरडी करायची. वरण सैल असेल तर कढईत आटवा. डाव फिरवल्यावर तळ क्षणभर दिसायला लागला की पुरे. मग पूर्ण गार होऊ द्या. गरम डाळीत कणीक मळली की आधी ती सगळं पीठ पिते आणि गार झाल्यावर पुन्हा चिकट होते. मग आपण आणखी पीठ घालतो आणि पराठा वातड होतो.

परातीत डाळ आधी घ्या आणि कणीक तिच्यात घालत जा. उलटं केलं तर प्रमाण हातातून सुटतं. एक वाटी घट्ट वरणाला साधारण दीड ते दोन वाट्या कणीक लागते. दीड वाटीवर थांबून मळून बघा. बोट दाबलं तर खळगा राहावा, पण कणीक बोटाला चिकटू नये. त्या पिठाचं मीठ वेगळं लागतं, दोन वाट्यांना अर्धा चमचा. शिवाय तिखट, ओवा, कोथिंबीर आणि चमचाभर तेल.

फाटण्याबद्दल. डाळीचे कण कणकेचा चिवटपणा तोडतात, त्यामुळे ती पोळीसारखी ताणली जात नाही. म्हणून डाळ आधी घोटून गुळगुळीत करा आणि टोमॅटोची सालं, मिरचीचे तुकडे, आमसुलं, कढीपत्ता वेचून काढा. कडा नेमक्या तिथेच फाटतात. मळून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा आणि पोळीपेक्षा जाड लाटा. कांदा घालणार असाल तर लाटायच्या ऐनवेळी, नाहीतर मिठामुळे त्याला पाणी सुटतं आणि सगळी कणीक सैल होते. तवा मध्यम आचेवर, तेल दुसरी बाजू भाजायला घेतल्यावर.

हे सगळं तुरीच्या आणि मुगाच्या डाळीला धरून सांगितलं. हरभऱ्याची डाळ घोटूनही रवाळ राहते, तिचे पराठे मळण्यापेक्षा सारण भरून करावेत. आणि हो, वरण रात्रभर ओट्यावरच राहिलं असेल, त्याला फेस किंवा आंबूस वास आला असेल, तर ढोकळीही नको आणि पराठाही नको. पुन्हा उकळून ते सुधारत नाही, टाकून द्या. ढोकळी मात्र केल्यावर लगेच वाढा, तासाभराने तीही पातेल्यात घट्ट होते. तशी झालीच तर वाटीभर कढत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून एक उकळी आणा.