त्या मेसेजमधला ‘असो’ काढून टाक

प्रिय,

रात्री साडेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. ‘ताई, तिला हे पाठवू का?’ असं विचारलंस. पाठवायच्या आधी विचारलंस, म्हणून हे लिहिते आहे. फोनवर बोलले असते तर तू मध्येच ‘हो, पण’ म्हणाली असतीस.

शनिवारी मी प्रकाशयोजनेच्या टेबलावर होते, त्यामुळे तू काय केलंस ते मी पाहिलंय. दुसरी घंटा झाली, पडद्यामागून तू तिसऱ्या रांगेत मैत्रिणीसाठी ओढणी टाकून राखलेल्या त्या खुर्चीकडे बघितलंस आणि तिसरी घंटा पाच मिनिटं थांबवलीस. तुझा पहिला प्रयोग, साठ खुर्च्यांची जागा, आणि तुझ्या दृष्टीने एकच रिकामी. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘सॉरी गं, नाही जमलं, कसं झालं?’ तुला वाईट वाटणारच. ते वाटू नये असं मी म्हणत नाही.

आता तुझा खर्डा. मी तो इथे तसाच उतरवते, म्हणजे तुलाच तो परक्यासारखा वाचता येईल:

‘आपण फार बिझी माणसं! खुर्ची ठेवली होती, रिकामीच राहिली. सगळे विचारत होते तू कुठे. तुझ्या ताईच्या लग्नात मी तीन दिवस राबले होते, पण ते सोड. मला वाटलं होतं तुला माझ्या कामाची किंमत असेल. असो. प्रयोग छान झाला.’

यात ‘मला वाईट वाटलं’ हे वाक्य कुठे आहे? नाहीच. जे सांगायचं होतं तेवढंच राहून गेलं.

पहिलं वाक्य बघ. एरवी तुम्ही दोघी एकमेकींना अगं-तुगं करता. इथे ती अचानक ‘आपण’ झाली. आपल्याकडे राग आला की माणूस आवाज चढवण्याआधी आदरार्थी बोलायला लागतो, आणि समोरच्याला ते बरोबर टोचतं. पण टोमण्याला उत्तर देता येत नाही. ती फार तर हसण्यावारी नेईल किंवा उलटा टोमणा मारेल.

‘सगळे विचारत होते.’ खरंच सगळे? मला आठवतं, एका मुलाने विचारलं होतं, तेही चहाच्या वेळी. तक्रार तुझी आहे, तर ती एकटीनेच कर. चार जणांना आपल्या बाजूला उभं केलंस की समोरची मैत्रीण न राहता आरोपी होते. याच कारणासाठी, तिच्याशी बोलायच्या आधी ग्रुपमधल्या बाकीच्यांपाशी हे काढू नकोस. तिच्यापर्यंत ते तिसऱ्याच तोंडून पोचेल.

लग्नातले तीन दिवस तर साफ काढून टाक. तेव्हा तू हौसेने राबली होतीस, मेंदी लावून घेतानाचे तुझे फोटो मी पाहिले आहेत. आज ते उधारीच्या वहीत लिहिलंस तर तेव्हाचा आनंदही खोटा ठरतो. आणि ‘ते सोड’ असं म्हणून माणूस काहीच सोडत नसतो.

पुढच्या वाक्यात मात्र तू स्वतःच फसली आहेस, म्हणून जरा थांबते. ‘मला वाटलं होतं तुला किंमत असेल.’ तुला वाटतंय, तू भावना सांगते आहेस. पण आपलं ‘वाटणं’ दोन्हीकडे चालतं: ‘वाईट वाटलं’ यातही, आणि ‘पाऊस येईलसं वाटतं’ यातही. पहिली भावना, दुसरा अंदाज. ओळखायची माझी खूण सोपी आहे. ‘वाटलं’च्या आगेमागे ‘की तू’ किंवा ‘तुला’ येत असेल, तर बहुधा आपण दुसऱ्याच्या मनाबद्दल निकाल देत असतो. ‘वाईट’, ‘एकटं’, ‘चुकल्यासारखं’ असा शब्द आला तर आपल्या मनाबद्दल बोलत असतो. निकालावर ती वाद घालेल आणि बहुतेक जिंकेलही, कारण तिच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. तुला वाईट वाटलं, यावर वाद घालता येत नाही.

आणि ‘असो’. या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. तुझ्याएवढी असताना माझ्या पहिल्या प्रयोगाला माझी जिवाभावाची मैत्रीण आली नव्हती. मी तिला अंतर्देशीय पत्र लिहिलं, सगळं गोड गोड, आणि शेवटी ‘असो’. तिने उत्तरात काहीच विचारलं नाही, कारण मीच दार लावून घेतलं होतं. नंतर आम्ही भेटत राहिलो, लग्नकार्यात हसून बोललो, पण ती का आली नव्हती हे मला आजतागायत माहीत नाही.

खुर्चीचं काय, असं तू विचारशील. खुर्ची खरी आहे, म्हणून अवघड आहे. मेसेजमध्ये लिहिलीस तर ती रिकामी खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर ठेवल्यासारखं होईल. भेटल्यावर तिने ‘तू वाट बघत होतीस का?’ असं विचारलं, तर सांग. विचारलेल्याचं खरं उत्तर म्हणजे टोमणा नव्हे.

मी असं लिहिलं असतं:

‘शनिवारी तू नव्हतीस याचं मला वाईट वाटलं. नाटकाचा पहिला खर्डा तूच ऐकला होतास, म्हणून पहिल्या प्रयोगाला तू समोर हवी होतीस. तुझ्याकडे काय झालं ते मला माहीत नाही. भेटून बोलू या? गुरुवारी संध्याकाळी जमेल का?’

चारच गोष्टी: काय झालं, मला काय वाटलं, का वाटलं, आणि तुझी बाजू ऐकायची आहे. ‘का नाही आलीस?’ असं मुद्दाम लिहिलेलं नाही. नुसता तो प्रश्न कागदावर उलटतपासणीसारखा दिसतो आणि माणूस कारणं जमवायला लागतो. हे आज रात्री पाठवू नकोस, उद्या दुपारी जेवून झाल्यावर पाठव.

एक गोष्ट मात्र तुलाच विचारते. तू तिला बोलावलंस ते कसं? मी पाहिलं ते ग्रुपवर टाकलेलं पोस्टर होतं, खाली ‘नक्की या’. चाळीस जणांना गेलेलं ‘नक्की या’ आणि ‘तू आलीस तरच मला धीर येईल’ यात फरक आहे. दुसरं तू तिला कधी म्हणाली होतीस का? नसशील, तर तेही गुरुवारी कबूल कर. त्याने तुझं वाईट वाटणं कमी होत नाही, फक्त तिच्या माथी येणारा भाग थोडा हलका होतो.

भेटल्यावर कदाचित घरातलं काही आजारपण निघेल, कदाचित ‘विसरले गं’ एवढंच निघेल. विसरणं जास्त लागेल. तेव्हा ‘जाऊ दे, चालतं’ म्हणून लगेच झाकू नकोस, आणि तिने एकदा माफी मागितल्यावर दुसऱ्यांदा मागायलाही लावू नकोस. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हण आणि चहा सांग. हेच पुढेही दोन-तीनदा झालं तर तो वेगळा विषय. तेव्हा तिला किती जवळचं मानायचं हे तू ठरवशील, पण एका शनिवारवरून नको.

27 तारखेच्या प्रयोगाचं तिला बोलावणं करायचं असेल तर कर, पण ‘नाही जमणार’ हे उत्तर पचणार असेल तरच. आणि दिवे मीच करते आहे, तेव्हा आत्ताच सांगून ठेवते: ती येवो न येवो, तिसरी घंटा वेळेवर होईल.

तुझी,
ताई