बाळंतपणानंतर रेस्टिंग पल्स खाली येत नाही, घड्याळावर किती विश्वास ठेवायचा?

प्रश्न: बाळ 3 महिन्यांचं आहे, अंगावर पाजते. रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. गरोदर राहण्याआधी घड्याळात रेस्टिंग पल्स 64 असायचा, आता 78 दाखवतो. एचआरव्ही 45 होता, तो 22 वर आलाय. सासूबाई म्हणतात घड्याळ काढून ठेव. हार्टचं काही असेल का? हे कधी पूर्ववत होतं?

उत्तर:

ताई, मी सोलापुरात एका दवाखान्यात ईसीजी काढते. माझी मुलगी आता अडीच वर्षांची आहे आणि तिच्या वेळी मीही असेच आकडे बघत बसायचे. तुमच्या दोन्ही आकड्यांमागे बहुतेक तुटलेली झोपच असणार. पण "बाळंतिणीला झोप नसते, चालायचंच" असं म्हणून माझी एक गोष्ट महिनाभर निसटली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुलना कशाशी करायची ते. गरोदरपणात अंगातलं रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि शेवटच्या महिन्यांत पल्स 10 ते 20 ने वर गेलेला असतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत हे जादा पाणी लघवीतून आणि घामातून जातं, त्यामुळे पल्स झपाट्याने उतरतो. त्यानंतरची उतरण सावकाश असते. हृदय आणि रक्तवाहिन्या पूर्ण मूळपदावर यायला काही महिने लागतात. म्हणून 64 शी तुलना आत्ता सोडा. नवव्या महिन्यात किती होता आणि बाळ दोन आठवड्यांचं असताना किती होता, ते घड्याळाच्या ॲपमध्ये मागे जाऊन बघा. तिथून आकडा हळूहळू खाली येत असेल किंवा एका जागी टिकून असेल तर घोडं मार्गावर आहे.

आता एचआरव्ही. पल्स 60 असला तरी दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बरोबर एक सेकंद नसतं. कधी 0.96, कधी 1.05. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. शरीर निवांत असताना हा फरक मोठा असतो, ताणात असताना ठोके एकसारखे पडायला लागतात. शिवाय पल्स वाढला की अंतरच कमी होतं, त्यामुळे फरकाला जागा उरत नाही आणि एचआरव्ही आपोआप घटतो. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी बऱ्याच अंशी एकच आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं हा आकडा वेगवेगळ्या रीतीने काढतात, तेव्हा मैत्रिणीच्या 60 शी आपला 22 लावून बघू नका.

घड्याळाची खरी अडचण रात्री असते. झोपेत पल्स टप्प्याटप्प्याने खाली जातो आणि बहुतेकांचा पहाटेकडे सगळ्यात कमी होतो. तुम्ही 12 ला, 2 ला, साडेचारला उठताय. प्रत्येक वेळी उठून बसलं, बाळ उचललं, लंगोट बदललं की पल्स 10-15 ने उसळतो, आणि पुन्हा खाली जायला वेळ मिळायच्या आत पुढचं रडणं सुरू. पल्स तळाला जातच नाही, आणि घड्याळ त्याच तुकड्यांवरून आकडा काढतं. काही घड्याळांना तर सलग तीन तास झोप मिळाली नाही तर झोपेचे टप्पेही ओळखता येत नाहीत.

पाजण्याने पल्स वाढतो असं काही जणी समजतात. मी मोजून पाहिलं होतं. मुलीला घेऊन बसले तेव्हा 82, दूध उतरून दहा मिनिटं झाली की 72. त्या वेळी अंगात ऑक्सिटोसिन सुटतं आणि पेंग येते, ती उगाच नाही. पाजण्याचा त्रास दुसऱ्या वाटेने होतो. दुधातून पाणी जातं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामातूनही जातं. ते भरून काढलं नाही तर पल्स वर राहतो. पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवायचा, एवढंच. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही जुनी समजूत एप्रिलच्या सोलापुरात तरी चालवू नका.

मोजायचं कसं? दिवसातली एक वेळ धरा. बाळ झोपल्यावर आडवं व्हा, पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून पडून राहा, मग मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. चहा घेतल्यावर लगेच नको. आठवड्यातून तीनदा पुरे. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एचआरव्हीचा रोजचा आकडा बघूच नका. आठवड्याचे सात आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला घ्या. समजा 19, 31, 22, 17, 35, 24, 20 आले. क्रमाने लावले तर मधला 22. पुढच्या आठवड्याचा मधला आकडा याच्याशी ताडून बघायचा. 17 चा दिवस पाहून घाबरायचं नाही आणि 35 पाहून पेढेही वाटायचे नाहीत.

झोप हेच कारण आहे का, हे तपासायला सोपी परीक्षा आहे. दोन रात्री कुणाला तरी बाळ सांभाळायला सांगा, म्हणजे तुम्हाला सलग पाच तास मिळतील. झोपायच्या आधी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेलं दूध चार तासच धरतात, तेही खोली गार असेल तर, आणि आपल्याकडे ते गृहीत धरता येत नाही. दोन रात्रींनंतर पल्स चार-पाचने उतरला आणि एचआरव्ही वर आला तर कारण झोपच होतं. माझ्या मते सुधारणेची खूण हीच. आकडा रोज चढत जात नाही, वाईट रात्रीला पडतो आणि चांगल्या झोपेने परत येतो.

माझी परीक्षा नापास झाली, ती हकिगत अशी. मुलगी डिसेंबरात झाली. नवव्या महिन्यात पल्स 88 होता, दोन आठवड्यांनी 74, आठव्या आठवड्याला 68. इथपर्यंत छान. मार्चच्या मध्यात मोजला तर 76. दोन आठवड्यांनी 84. आई म्हणाली, "ऊन लागलंय, हुतंय असं." मलाही पटलं, कारण दुपारी पत्रा नुसता तापायचा आणि कूलरचं पाणी संपलं की जीव नकोसा व्हायचा. पण उन्हाचा पल्स पहाटेपर्यंत बराच उतरतो. माझा पहाटे पाचलाही 86 होता. आणि गंमत म्हणजे मुलगी तोवर रात्री दहा ते तीन झोपायला लागली होती. झोप सुधारत होती आणि पल्स वाढत होता. हे दोन्ही एकत्र बसत नाही. तरी आईने दोन रात्री तिला आपल्याकडे घेतलं, मी पाच-पाच तास झोपले, आणि सकाळी पल्स 92.

मग बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या. डिंकाचे लाडू खाऊनही वजन उतरत होतं. सुईत दोरा ओवताना बोटं थरथरायची. ईसीजी मीच सहकारी मुलीकडून काढून घेतला. ताल नियमित होता, फक्त वेग जास्त. हिमोग्लोबिन 11.4, म्हणजे रक्त कमी झाल्यामुळे असावं असंही नाही. थायरॉइडची टीएसएच तपासणी मात्र 0.05 च्या खाली, म्हणजे अंगात थायरॉइडचं हार्मोन जास्त. फिजिशियन म्हणाले, बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस. गरोदरपणात दबून राहिलेली प्रतिकारशक्ती नंतर उलटून थायरॉइडवर येते, ग्रंथी सुजते आणि तिच्यात साठलेलं हार्मोन रक्तात गळतं. हा टप्पा साधारण पहिल्या ते सहाव्या महिन्यात येतो. ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते, साठा गळत असतो, त्यामुळे थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. ग्रेव्हज नावाचा दुसरा आजार असाच दिसतो, तिथे त्या गोळ्या लागतात, म्हणून अँटिबॉडीची तपासणी करून तो नाही ना हे त्यांनी बघितलं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलचा लहान डोस दिला, पाजणं चालू ठेवून. महिन्याभरात पल्स 78 वर आला.

पुढचा भाग जास्त फसवा आहे. जुलैत पल्स 58 झाला. ॲपने हिरवा आलेख दाखवून माझं अभिनंदन केलं. मी मात्र दिवसभर झोपाळलेली, पोट साफ नाही, कंगव्यात केसांचा गुंता. साठा संपल्यावर ग्रंथी काही काळ थकते, टीएसएच 14 निघाला. थायरॉक्सिनची गोळी वर्षभर घेतली, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद करून पाहिली आणि निभावलं. सगळ्यांचं निभतंच असं नाही, काहींना गोळी कायम लागते. कमी पल्स म्हणजे तब्येत सुधारली असं घड्याळ धरून चालतं, तुम्ही धरू नका.

तुमच्या बाबतीत 78 हा आकडा एकटा घाबरण्यासारखा नाही. तो गेल्या महिन्यात 74 होता की 82, यावर सगळं आहे. बाळाला 14 आठवड्यांच्या लसीला न्याल तेव्हा स्वतःचं हिमोग्लोबिन आणि टीएसएच करायचं का, हे डॉक्टरांना विचारा, विशेषतः पल्स चढत असेल तर. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायची असते. बऱ्याच जणी सव्वा महिन्याने माहेराहून परतताना ती मागेच विसरतात. ती चहाबरोबर घेऊ नका.

एवढं मात्र थांबवून ठेवू नका: आडवं पडून शांत असतानाही पल्स पुन्हा पुन्हा 100 च्या वर, आडवं झालं की धाप लागणं, उशा वाढवाव्या लागणं, पायांवर सूज, एकाच पोटरीत दुखणं, छातीत दुखणं, ताप, किंवा अंगावरून अचानक जास्त जाणं. हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा एक आजार बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत दिसतो, आणि तो थकव्यासारखाच सुरू होतो. यातलं काही असेल तर घड्याळ काय म्हणतं ते न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा. पल्स 120 च्या वर असेल तर रात्र असली तरी.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं ऐका. रात्री घड्याळ काढून ठेवा, तसंही ते बाळाच्या गालाला टोचतं. आठवडाभर बोटांनी मोजा आणि नवव्या महिन्याचे आकडे सापडले तर इथे खाली लिहा, बघून सांगते.