दोन आठवड्यांचा पगार महिन्यात कसा बदलायचा?

प्रश्न: मेलबर्नमध्ये दर दोन आठवड्यांनी हातात २,४०० डॉलर येतात, घरभाडं आठवड्याला ६०० डॉलर. महिन्यासाठी पगाराची दुप्पट आणि भाड्याची चौपट धरली तर चालेल का?

उत्तर: नाही, दोन्ही आकडे कमी येतील. चार आठवडे म्हणजे फक्त २८ दिवस, आणि फेब्रुवारी सोडला तर प्रत्येक महिना त्याहून मोठा असतो. म्हणून आधी वर्षाचा आकडा काढा आणि मग १२ ने भागा.

वर्षात असे २६ पगार होतात. २,४०० गुणिले २६ म्हणजे ६२,४००, त्याला १२ ने भागलं की महिन्याला ५,२००. भाड्याचे ५२ आठवडे धरले तर २,६०० येतात. भाडं महिन्याने भरत असाल तर एजंट बहुतेक वेळा ७ ने भागून, ३६५ ने गुणून, मग १२ ने भागतो. ते २,६०७ डॉलर १४ सेंट होतं. करारात हाच आकडा दिसला तर दचकू नका, एक जास्तीचा दिवस मोजल्याचा तो फरक आहे.

आता खरी काळजी घ्यायची ती इथे. ५,२०० ही सरासरी आहे. साधारण दहा महिन्यांत तुमच्या खात्यात दोनच पगार, म्हणजे ४,८०० जमा होतील, आणि दोन महिन्यांत तीन. त्यामुळे महिन्याचे हप्ते आणि बिलं ४,८०० मध्ये बसवा. तिसरा पगार येईल तो गाडीच्या रजिस्ट्रेशनसारख्या वार्षिक खर्चाला बाजूला काढा.

महिन्यातून ठरलेल्या दोन तारखांना पगार देणारी कंपनी असेल, तर मात्र वर्षात २४ पगार होतात आणि तिथे दुप्पट बरोबर ठरते.