‘क्रॉसओव्हर’मध्ये नेमकं काय ओलांडलं जातं?

प्रश्न (अमळनेरहून): ‘स्पिन क्रॉसओव्हर’मध्ये लिगँड क्षेत्राची ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनांची जोडी लावण्याची ऊर्जा एकमेकींना ओलांडतात, म्हणून ‘क्रॉसओव्हर’ का? आणि तापवताना एक, थंड करताना दुसरं तापमान आलं, तर ‘संक्रमण तापमान’ कोणतं लिहायचं?

उत्तर: नाही, या दोन ऊर्जा तापमानाबरोबर एकमेकींना ओलांडत नाहीत. तनाबे–सुगानो आलेखात तसा छेदनबिंदू दिसतो खरा, पण त्या बिंदूवर कुठलंच संयुग बसलेलं नसतं. अष्टफलकी Fe(II) लो-स्पिनमधून, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेल्या अवस्थेतून, हाय-स्पिनमध्ये, म्हणजे चार इलेक्ट्रॉन सुटे असलेल्या अवस्थेत गेला की दोन इलेक्ट्रॉन लिगँडांकडे रोखलेल्या कक्षकांत जातात आणि Fe–N बंध सुमारे २.० आँगस्ट्रॉमवरून २.२ पर्यंत लांबतो. लिगँड क्षेत्र बंधाच्या लांबीच्या साधारण सहाव्या घाताने घटतं. १.१ चा सहावा घात सुमारे १.७७. म्हणजे त्याच रेणूचं क्षेत्र लो-स्पिनमध्ये हाय-स्पिनच्या जवळजवळ पावणेदोनपट असतं. एका अवस्थेत ते जोडणीच्या ऊर्जेपेक्षा स्पष्ट जास्त, दुसरीत स्पष्ट कमी. मधल्या मूल्यावर रेणू थांबतच नाही.

ओलांडल्या जातात त्या दोन अवस्थांच्या गिब्ज ऊर्जा. दोन्ही समान होतात त्या तापमानाला निम्मे रेणू हाय-स्पिन असतात, म्हणून त्याला T½ म्हणतात. दोन अवस्थांच्या एन्थाल्पीतला फरक ΔH आणि एन्ट्रॉपीतला फरक ΔS धरला तर:

```
T½ = ΔH / ΔS
```

Fe(phen)₂(NCS)₂ घ्या; phen म्हणजे फेनँथ्रोलीन. सोराई आणि सेकी यांच्या १९७४ च्या उष्मामापनात ΔH ८.६० किलोज्यूल प्रति मोल आणि ΔS ४८.७८ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल आले. ८६०० ला ४८.७८ ने भागा: १७६ केल्विन. चुंबकीय मापनातलं तापमानही तेवढंच आहे.

आता या ४८.७८ ची फोड करू. हाय-स्पिनमध्ये S = २, म्हणजे पाच स्पिन-स्थिती; लो-स्पिनमध्ये S = ०, म्हणजे एकच. त्याची एन्ट्रॉपी R ln 5, म्हणजे १३.४. उरलेला पाऊणएक भाग प्रामुख्याने कंपनांचा: लांब झालेले Fe–N बंध सैल पडतात आणि रेणूला कंपनाच्या जास्त स्थिती मिळतात. ‘स्पिन’ हा शब्द नावात आधी येतो, पण एन्ट्रॉपीत त्याचा वाटा लहान आहे, हे सहसा निसटतं.

लिगँड क्षेत्र मुख्यतः ΔH ठरवतं. NCS च्या जागी थोडं जास्त ताकदीचं NCSe घातलं की ΔS जवळपास तेवढीच राहते, ΔH वाढते आणि T½ २३२ केल्विनच्या आसपास जातं. तिसरं फेनँथ्रोलीन जोडलं तर क्षेत्र इतकं वाढतं की आयन लो-स्पिनच राहतो (फेरॉइनचा लाल रंग तोच). उलट दोन क्लोराइड जोडले तर संयुग कितीही थंड केलं तरी हाय-स्पिन.

आता दोन तापमानांबद्दल. घन पदार्थात रेणू आकार बदलतो तेव्हा शेजाऱ्यांवर ताण येतो. स्लिक्टर–ड्रिकामर प्रतिमानात ही परस्परक्रिया Γ ने मोजतात, आणि ती 2RT½ पेक्षा जास्त असेल तरच हिस्टेरिसिस, म्हणजे तापवताना आणि थंड करताना वेगवेगळं संक्रमण तापमान, दिसतं. [Fe(Htrz)₂(trz)](BF₄) मध्ये लोखंडाचे अणू ट्रायझोलच्या पुलांनी साखळीत बांधलेले असल्याने ही क्रिया जबर आहे. जांभळी भुकटी तापवताना सुमारे ३८५ केल्विनला (११२ अंश सेल्सिअस) पांढरी होते आणि उतरताना सुमारे ३४५ ला (७२ अंश) पुन्हा जांभळी. जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ती जांभळीच राहील. ९० अंशांवर मात्र नुसतं तापमान सांगून रंग सांगता येत नाही. नमुना खालून वर आला की वरून खाली, ते विचारावं लागतं.

म्हणून लिहिताना तापवतानाचं T½↑ आणि थंड करतानाचं T½↓ ही दोन्ही द्या, सोबत तापवण्याचा वेग. मधलं तापमान हा समतोलाच्या T½ चा फक्त अंदाज असतो. तो एकमेव आकडा म्हणून लिहू नका.

आणि ते अंतर खरं आहे का, हेही तपासा. तापमापक नमुन्यापासून दूर असेल तर नमुना मागे रेंगाळतो आणि आलेखात हिस्टेरिसिसचा खोटा फास उमटतो. वेग निम्मा, मग पाव करा. फास शून्याकडे आकसत गेला तर तो उपकरणाचा. ठरावीक रुंदीवर टिकला तर पदार्थाचा. पहिलं चक्रही जमेस धरू नका. त्यात अडकलेलं पाणी किंवा द्रावक निघून जातं आणि T½↑ भलतीकडे सरकतं. दुसरं आणि तिसरं चक्र एकमेकांवर बसलं, की तेच आकडे घ्या.