भर दुपारचा फोटो, पण तिन्हीसांजेचा

प्रश्न: दुपारी बाराला काढलेला कौलारू घराचा फोटो लाइटरूममध्ये कर्व्ह आणि व्हाइट बॅलन्स वापरून तिन्हीसांजेचा वाटेल का?

हो, फाइल रॉ असेल तर बऱ्यापैकी जमतं: Temp साधारण 5500 वरून 4000 पर्यंत उतरवा आणि मग कर्व्हचं वरचं उजवं टोक खाली ओढा. नुसता Exposure कमी केला तर फोटो फक्त काळपट दिसतो, कारण चुन्याची भिंत तेव्हाही सगळ्यात पांढरीच राहते. सूर्य बुडाल्यावर बाहेर लख्ख पांढरं असं काही उरत नाही. म्हणून ते टोक सरळ खाली, तीन चतुर्थांश उंचीवर आणा आणि कर्व्हचा मधला भाग थोडा दाबा. मग फक्त निळ्या चॅनेलचं डावं टोक किंचित उचला, म्हणजे ओसरीतल्या काळोखात निळसर छटा उतरते. जास्त उचललंत तर लाकडी खांब जांभळे दिसू लागतात. तिथून मागे या. शेवटी खिडकीवर ब्रश फिरवून तेवढ्याच भागाचं Temp आणि Exposure वाढवा. माझ्या मते खरा भास या पिवळ्या चौकोनानेच होतो.

मात्र वळचणीची धारदार सावली भिंतीवर पडली असेल तर ती कर्व्हने पुसली जात नाही, आणि तिन्हीसांजेला तशी सावली नसतेच. आकाश पूर्ण पांढरं जळालं असेल तर तिथे निळाई न येता सपाट करडा पट्टा दिसतो. त्यामुळे ढगाळ दुपारचा फोटो निवडा, आकाश कापून टाका.