फोटोग्राफरचं बुकिंग पक्कं कसं करून घ्यावं?

“जळगावच्या फोटोग्राफरला 15,000 ॲडव्हान्स दिला, पावती नाही. संशय न दाखवता कसं विचारू?”

विचारू नका, तुम्हीच लिहून पाठवा. व्हॉट्सॲपवर असं:

“नमस्कार भाऊ, हळद 11 फेब्रुवारीला संध्याकाळी भुसावळला, लग्न 12 ला जळगावला. एकूण 45,000 ठरले, पैकी 15,000 फोनपेवर दिले. दोन फोटोवाले, एक व्हिडिओवाला, 40 पानी अल्बम, सगळे फोटो पेनड्राइव्हवर. बरोबर असेल तर ‘हो’ लिहा.”

नुसता अंगठा आला तर फोन करून ‘हो’ लिहून घ्या. हळद वेगळी लिहाच; आमच्याकडच्या लग्नात फोटोग्राफर “फक्त लग्नाचं ठरलं होतं” म्हणाला आणि हळदीचे फोटो मामेभावाच्या मोबाइलवर निघाले. दाट तिथीला स्वतः येणार की पोराला पाठवणार, तेही विचारा.